ऑडिट कमिटीशी लेखापरीक्षकाचा संवाद: काय सांगायचे, केव्हा सांगायचे आणि काय विचारायचे

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिला वाचक म्हणजे ज्याला सूचिबद्ध कंपनीच्या ऑडिटमध्ये पहिल्यांदाच ऑडिट कमिटीसमोर मांडायचे टिपण तयार करायला सांगितले आहे, असा तरुण सनदी लेखापाल. दुसरा वाचक म्हणजे नव्याने नेमणूक झालेला स्वतंत्र संचालक, ज्याला त्या टिपणावर प्रश्न विचारायचे आहेत. दोघांसमोर कागद एकच असतो. तो किती उपयोगी पडेल हे त्यात काय लिहिले आहे यावर ठरते आणि तो हिशेब पक्के होण्याआधी हातात आला की नंतर, यावर त्याहूनही अधिक ठरते. म्हणून वेळ हा या लेखाचा कणा धरला आहे.

या संवादाचा भारतातील मुख्य नियम एसए २६० या लेखापरीक्षण मानकात आहे. अंतर्गत नियंत्रणांतील उणिवांसाठी एसए २६५, दुरुस्त न झालेल्या चुकांसाठी एसए ४५०, अपहारासाठी एसए २४० आणि अहवालातील प्रमुख बाबींसाठी एसए ७०१ ही मानके त्याला जोडून येतात. कंपनीच्या बाजूने कंपनी कायदा २०१३ चे कलम १७७ आणि सेबीच्या सूचिबद्धता नियमावलीतील नियम १८ लागू होतात. नियम १८ नुसार कमिटीत किमान तीन संचालक असावे लागतात आणि त्यांपैकी किमान दोन तृतीयांश स्वतंत्र असावे लागतात. अध्यक्षही स्वतंत्र संचालकच असतो आणि वर्षातून किमान चार बैठका घ्याव्या लागतात. कलम १७७ प्रमाणे ज्या बैठकीत लेखापरीक्षकाचा अहवाल विचारात घेतला जातो, त्या बैठकीत लेखापरीक्षकाला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे, मताचा मात्र नाही.

पहिली पायरी: कोणाशी बोलायचे ते ठरवणे

मानकाच्या भाषेत ही मंडळी म्हणजे संस्थेची दिशा ठरवणारे आणि हिशेबाच्या प्रक्रियेवर देखरेख करणारे लोक. कंपनीत ते संचालक मंडळ असते आणि ऑडिट कमिटी हा त्याचा एक गट असतो. नवख्या लेखापालाकडून येथे एक चूक वरचेवर होते. मुख्य वित्त अधिकाऱ्याला ई-मेलने कळवले म्हणजे कळवण्याचे काम झाले, असे तो धरून चालतो. वित्त अधिकारी हा व्यवस्थापनाचा भाग आहे. देखरेख करायची आहे ती त्याच्याच कामावर, त्यामुळे त्याला पाठवलेले पत्र कमिटीला पाठवलेले पत्र ठरत नाही.

याचा अर्थ वित्त अधिकाऱ्याला वगळायचे असा नाही. बहुतेक बाबी आधी त्याच्याशीच बोलाव्यात, कारण वस्तुस्थिती तपासून घेण्याचा तोच मार्ग आहे आणि चुकीच्या आकड्यावर कमिटीचा वेळ खर्च होत नाही. अपवाद आहे तो व्यवस्थापनाच्या सचोटीचा किंवा क्षमतेचा प्रश्न निघतो तेव्हाचा. असा विषय ज्यांच्याबद्दल आहे, त्यांच्याशी आधी चर्चा करणे योग्य नाही. अशा वेळी थेट कमिटीच्या अध्यक्षांकडे जावे.

छोट्या खासगी कंपनीत सगळे संचालक स्वतःच कारभार पाहत असतील, तर तीच गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागत नाही. सूचिबद्ध कंपनीत मात्र ऑडिट कमिटीला सांगितलेली प्रत्येक बाब संपूर्ण संचालक मंडळापर्यंत पोहोचते का, हे लेखापरीक्षकाने पाहावे. गरज वाटल्यास मंडळाशी थेट बोलण्याचा पर्याय त्याने नेमणुकीच्या पत्रातच राखून ठेवावा.

दुसरी पायरी: काम सुरू होण्यापूर्वीची बैठक

सेबीच्या नियमावलीत कमिटीच्या कामांची यादी आहे. तिच्यात ऑडिट सुरू होण्यापूर्वी त्याच्या स्वरूपावर व व्याप्तीवर चर्चा करणे आणि ऑडिटनंतर चिंतेच्या बाबींवर चर्चा करणे, ही दोन्ही कामे स्पष्टपणे लिहिली आहेत. एसए २६० प्रमाणे लेखापरीक्षकाने या टप्प्यावर तीन गोष्टी सांगायच्या असतात: आपली जबाबदारी काय आणि व्यवस्थापनाची काय, कामाची नियोजित व्याप्ती व वेळापत्रक काय, आणि कोणत्या जोखमी आपण लक्षणीय मानल्या आहेत. मार्च अखेरच्या वर्षासाठी ही बैठक सोयीने ऑगस्टमध्ये होते, कारण जून तिमाहीचे निकाल मंजूर करण्यासाठी कमिटी १४ ऑगस्टपूर्वी भेटतेच.

पुढचे सगळे एका कल्पित उदाहरणावर पाहू. चाकणजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणारी एक सूचिबद्ध कंपनी आहे आणि वर्ष २०२४-२५ चे ऑडिट चालू आहे. करपूर्व नफा सुमारे ४० कोटी रुपये येईल, असा अंदाज आहे. लेखापरीक्षकाने त्याच्या ५ टक्के, म्हणजे २ कोटी, ही एकूण मटेरिअ‍ॅलिटी धरली. वाचकाचा निर्णय बदलू शकेल अशी चूक कोठे सुरू होते, त्याची ही रेषा आहे. प्रत्यक्ष तपासणीसाठी त्याने त्याहून कमी, १ कोटी ४० लाखांची पातळी ठरवली. १० लाखांखालच्या चुका क्षुल्लक मानून यादीत घ्यायच्या नाहीत, असेही ठरवले. हे तिन्ही आकडे कमिटीपुढे मांडावेत, असे माझे ठाम मत आहे. काही लेखापरीक्षक ते सांगायला कचरतात, कारण व्यवस्थापनाला तपासणीचा अंदाज येईल अशी त्यांना भीती वाटते. ही भीती पूर्णपणे निराधार नाही. कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी, कोणते नमुने घेणार, हा तपशील सांगूच नये. पण मटेरिअ‍ॅलिटी माहीत नसलेल्या संचालकाला वर्षअखेरीच्या चुकांच्या यादीचा अर्थच लावता येत नाही.

या बैठकीत संचालकाने पहिला प्रश्न जोखमींविषयी विचारावा: ‘तुम्ही लक्षणीय म्हणून निवडलेल्या जोखमी गेल्या वर्षी कोणत्या होत्या, यंदा काय बदलले आणि का?’ यादी गेल्या वर्षीचीच असेल, तर व्यवसायात काहीच बदलले नाही असे लेखापरीक्षकाचे म्हणणे आहे. ते खरे आहे का, हे संचालकाला स्वतःच्या माहितीवरून पडताळता येते. आपल्या उदाहरणात एका मोठ्या ग्राहकाने मोटारीचे एक मॉडेल बंद करण्याचे जाहीर केले होते. त्या मॉडेलच्या भागांचा ६ कोटी ८० लाखांचा साठा कंपनीच्या गोदामात होता. ऑगस्टच्या पहिल्या मसुद्यात साठ्याच्या मूल्यांकनाची जोखीम लक्षणीय म्हणून नव्हती. एका संचालकाने ग्राहकाच्या घोषणेचा विषय काढला आणि ती यादीत आली. संवाद दुतर्फा असावा, असे मानक म्हणते ते याच कारणाने. धंद्याची काही माहिती संचालकांकडे लेखापरीक्षकाआधी येते.

दुसरा प्रश्न माणसांविषयी असावा: ‘सहीचे भागीदार स्वतः किती वेळ देणार, कोणत्या कारखान्यांना तुमचा चमू प्रत्यक्ष भेट देणार आणि कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षणावर तुम्ही कोठे विसंबणार?’ उत्तरात कारखान्यांची नावे आणि महिने आले पाहिजेत. ‘पुरेसा वेळ देऊ’ हे उत्तर स्वीकारू नये.

स्वातंत्र्याचा विषयही येथेच हाताळावा. सूचिबद्ध कंपनीच्या बाबतीत लेखापरीक्षकाने आपण आणि आपला चमू नैतिक नियमांनुसार स्वतंत्र आहोत, असे लेखी द्यायचे असते. ज्यांचा स्वातंत्र्यावर परिणाम होऊ शकेल असे सर्व संबंध, ऑडिटची आणि इतर सेवांची एकूण फी आणि घेतलेली खबरदारी, हेही त्यात येते. कायद्याच्या कलम १४४ प्रमाणे हिशेब लिहून देणे, अंतर्गत लेखापरीक्षण आणि व्यवस्थापकीय सेवा अशा काही सेवा लेखापरीक्षकाला देताच येत नाहीत. ज्या देता येतात, त्यांना मंडळाची किंवा ऑडिट कमिटीची मंजुरी लागते. संचालकाने फीचा आकडा उपकंपन्या आणि लेखापरीक्षकाच्या नेटवर्कमधील इतर संस्था धरून मागावा. वार्षिक अहवालात तो त्याच पद्धतीने जाहीर करावा लागतो, त्यामुळे तो उपलब्ध असतोच.

तिसरी पायरी: मधले महिने

नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या बैठकांत तिमाही निकालांचा मर्यादित आढावा होतो. या बैठका लवकर आटोपतात आणि लेखापरीक्षक आपला अहवाल वाचून निघून जातो. तेथे एकच प्रश्न विचारला तरी पुरे: ‘मागितलेली पण अजून न मिळालेली माहिती कोणती आणि कधीपासून?’ व्यवस्थापनाकडून उशीर होणे, अवाजवी घाई केली जाणे, अपेक्षित कागद न मिळणे, या गोष्टी एसए २६० मध्ये लक्षणीय अडचणी म्हणून कळवण्याच्या बाबींत मोडतात. मे महिन्यात त्या कळून फारसा उपयोग नसतो.

काही बाबी मात्र बैठकीची वाट पाहत नाहीत. अपहाराच्या बाबतीत मुदत कायद्यानेच बांधली आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याने किंवा कर्मचाऱ्याने कंपनीविरुद्ध अपहार केल्याचे मानण्यास कारण दिसले, तर लेखापरीक्षकाने ते समजल्यापासून दोन दिवसांत मंडळाला किंवा ऑडिट कमिटीला कळवायचे असते. रक्कम एक कोटी किंवा त्याहून अधिक असेल, तर कमिटीला उत्तरासाठी ४५ दिवस मिळतात. उत्तर आल्यापासून १५ दिवसांत लेखापरीक्षक आपला अहवाल त्या उत्तरासह केंद्र सरकारला पाठवतो. उत्तर आले नाही तरी अहवाल थांबत नाही. उत्तर मिळाले नाही, अशी नोंद करून तो पाठवला जातो. एक कोटीखालच्या प्रकरणात सरकारला कळवणे नसते, पण कमिटीला दोन दिवसांत सांगण्याचे बंधन तेच राहते आणि संचालकांच्या अहवालात त्याचा उल्लेख येतो. नव्या संचालकाने हे ४५ दिवस सवडीचे समजू नयेत. अपहाराची व्याप्ती, पैसे वसूल होण्याची शक्यता आणि त्याला वाव देणारी नियंत्रणातील फट, हे सगळे शोधायला तेवढे दिवस जातातच.

दुसरी बाब असहकाराची. सेबीने १८ ऑक्टोबर २०१९ रोजी लेखापरीक्षकांच्या राजीनाम्याविषयी परिपत्रक काढले. माहिती मिळत नाही किंवा व्यवस्थापन सहकार्य करत नाही, अशी चिंता असेल, तर लेखापरीक्षकाने थेट कमिटीच्या अध्यक्षांकडे जावे आणि कमिटीने तिमाही बैठकीची वाट न पाहता ती लगेच ऐकून घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणून अध्यक्षांचा फोन क्रमांक आणि ई-मेल सहीच्या भागीदाराकडे ऑगस्टपासूनच असावा. तो कंपनी सचिवांकडून ऐनवेळी मागावा लागला, तर आपण कशासाठी फोन करत आहोत हे आधीच सगळीकडे कळते.

चौथी पायरी: मे महिन्यातील टिपण

वार्षिक निकाल ३१ मार्चपासून ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत, शेअर बाजाराला द्यावे लागतात. साहजिकच ऑडिट कमिटीची बैठक मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत येते. आता अडचण कोठे आहे ते पाहा. सचिवीय मानकाप्रमाणे बैठकीची टिपणे सात दिवस आधी द्यायची असतात. पण किमतीवर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती संचालकांच्या संमतीने कमी मुदतीत देता येते, आणि ही संमती बहुतेक कंपन्या वर्षाच्या सुरुवातीलाच एकदम घेऊन ठेवतात. परिणामी आर्थिक पत्रके आणि त्यांच्यासोबत लेखापरीक्षकाचे सादरीकरण बैठकीच्या आदल्या रात्री टॅबवर येते. सकाळी अकराला कमिटी, साडेबाराला मंडळ आणि दुपारी बाजाराला निकाल, असा दिवस असतो. अशा दिवशी कमिटीने एखादा आकडा बदला म्हटले, तर तो बदलणे जवळपास अशक्य होऊन बसते.

उपाय साधा आहे. लेखापरीक्षकाने खुल्या राहिलेल्या प्रश्नांचे टिपण बैठकीच्या किमान आठ-दहा दिवस आधी अध्यक्षांना द्यावे आणि त्यावर अर्ध्या-पाऊण तासाची चर्चा करावी. पत्रके तोपर्यंत पूर्ण नसतात, पण खुले प्रश्न समोर आलेले असतात. आपल्या उदाहरणात टिपण १५ मे रोजी गेले आणि कमिटीची बैठक २६ मे रोजी होती.

त्या टिपणात काय असते? मानकाच्या अपेक्षेप्रमाणे हिशेबाची धोरणे, अंदाज आणि प्रकटीकरणे यांच्या गुणवत्तेबद्दल लेखापरीक्षकाचे मत, काम करताना आलेल्या लक्षणीय अडचणी, व्यवस्थापनाशी चर्चिलेल्या महत्त्वाच्या बाबी, मागितलेली लेखी निवेदने आणि अहवालाच्या स्वरूपावर परिणाम करणाऱ्या परिस्थिती त्यात येतात. मत मर्यादित करायचे असेल, तर त्याची कारणे आणि प्रस्तावित शब्दरचना आधी दाखवावी लागते. अहवालात छापायच्या प्रमुख बाबीही कमिटीला सांगाव्या लागतात. या यादीतील ‘लेखापरीक्षकाचे मत’ हे पहिले कलमच बहुतेक टिपणांत सर्वांत कच्चे असते. ‘धोरणे इंड एएसशी सुसंगत आहेत’ या वाक्याने संचालकाला काहीही कळत नाही. सुसंगत पर्यायांपैकी कंपनीने कोणता निवडला, तो सावध आहे की आशावादी आणि दुसरा निवडला असता तर नफा कितीने बदलला असता, हे त्याला कळायला हवे.

आता आपल्या कंपनीच्या टिपणातील एक पान जवळून पाहू. ते दुरुस्त न झालेल्या चुकांचे पान आहे. त्यात तीन नोंदी होत्या.

पहिली नोंद बंद होणाऱ्या मॉडेलच्या साठ्याची. व्यवस्थापनाने १ कोटी २० लाखांची तरतूद केली होती आणि बराचसा माल सुट्या भागांच्या बाजारात खपेल असे गृहीत धरले होते. लेखापरीक्षकाने यापूर्वी बंद झालेल्या एका मॉडेलच्या भागांचे प्रत्यक्ष काय झाले ते तपासले. त्या अनुभवावरून तरतूद २ कोटी १० लाख ते २ कोटी ९० लाख या पट्ट्यात असावी, असा त्याचा निष्कर्ष होता. व्यवस्थापनाचा आकडा पट्ट्याबाहेर असेल, तर पट्ट्याच्या जवळच्या टोकापासूनचे अंतर ही किमान चूक धरतात. येथे ती ९० लाख झाली. दुसरी नोंद विक्रीची. मार्चच्या शेवटच्या तीन दिवसांत निघालेल्या काही ट्रकांची १ कोटी ६० लाखांची बिले त्याच वर्षात धरली होती. ई-वे बिल आणि बिल्टी मार्चची होती, पण ग्राहकाच्या कारखान्यातील माल-आवक पावत्या २ एप्रिलनंतरच्या होत्या. करारानुसार मालावरील नियंत्रण ग्राहकाच्या फाटकाशी जाते, त्यामुळे ही विक्री पुढच्या वर्षाची होती. तिच्यामुळे नफा ३५ लाखांनी जास्त दिसत होता. तिसरी नोंद उलट दिशेची होती. वॉरंटीची तरतूद ३० लाखांनी जादा होती.

तिघांची बेरीज-वजाबाकी केली, तर नफा ९५ लाखांनी जास्त दाखवला गेला होता. मटेरिअ‍ॅलिटी २ कोटी. म्हणून व्यवस्थापनाच्या उत्तरात एकच वाक्य होते: ‘परिणाम नगण्य आहे, दुरुस्ती करत नाही.’ अनेक कमिट्यांमध्ये विषय येथेच संपतो. हे पान नीट वाचणाऱ्या संचालकाने मात्र पुढे विचारले पाहिजे.

‘गेल्या वर्षी या यादीत काय होते?’ उत्तर आले की साठ्याचीच ५० लाखांची कमी तरतूद गेल्या वर्षीही दुरुस्त न करता सोडली होती. आधीच्या वर्षांतील न सुधारलेल्या चुकांचा यंदावर काय परिणाम होतो, हे लेखापरीक्षकाने सांगायचेच असते. ते टिपणात नसेल तर मागून घ्यावे. दोन्ही वर्षी त्याच खात्यात, त्याच दिशेने आणि वाढत जाणारा फरक दिसतो, तेव्हा तो अंदाजातील सहज चढउतार राहत नाही. व्यवस्थापनाच्या कलाची ती खूण असू शकते.

‘या आकड्यावर आणखी कशाचा निकाल अवलंबून आहे?’ हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर लेखापरीक्षकापेक्षा कमिटीला लवकर सुचू शकते. पत्रकांच्या मसुद्यात करपूर्व नफा ४० कोटी २० लाख होता. वरिष्ठ अधिकाऱ्यांचा त्या वर्षीचा बोनस नफा ४० कोटींवर गेला तरच मिळणार होता. तिन्ही चुका दुरुस्त केल्या, तर नफा ३९ कोटी २५ लाख होतो. म्हणजे २ कोटींच्या रेषेखालची ही चूक व्यवस्थापनाच्या मोबदल्याचा उंबरठा ओलांडून देत होती. एसए ४५० प्रमाणे चूक महत्त्वाची आहे का, हे केवळ रकमेवरून ठरत नाही, तिच्या स्वरूपावरून आणि परिस्थितीवरूनही ठरते. मोबदला वाढवणारी, बँकेच्या कर्जाची अट पाळल्याचे दाखवणारी किंवा तोट्याचा नफा करणारी छोटी चूकही महत्त्वाची ठरू शकते. बोनसची अट लेखापरीक्षकाच्या कागदांत नोंदलेली होती, पण ती या पानाशी कोणी जोडली नव्हती.

‘वॉरंटीची जादा तरतूद साठ्यातून वजा का केली?’ हाही योग्य प्रश्न आहे. प्रत्येक नोंदीचा परिणाम आधी वेगवेगळा पाहायचा असतो. एका खात्यात राखून ठेवलेली गंगाजळी दुसऱ्या खात्यातील उणीव झाकते, तेव्हा वजाबाकीनंतरचा आकडा दोन्ही प्रश्न लपवतो.

येथे १५ आणि २६ मे यांमधील अकरा दिवस कामी आले. अध्यक्षांनी वित्त अधिकाऱ्यांना तिन्ही दुरुस्त्या करायला सांगितले. साठ्याची तरतूद पट्ट्याच्या किमान टोकाला, २ कोटी १० लाखांवर, आणली गेली आणि मंडळापुढे ३९ कोटी २५ लाखांचा नफा गेला. हेच पान २५ मेच्या रात्री आले असते, तर कमिटीपुढे निकाल लांबवणे किंवा मान डोलावणे हे दोनच पर्याय उरले असते.

पाचवी पायरी: व्यवस्थापनाशिवायची चर्चा

लेखापरीक्षकाला व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत भेटण्याची मोकळीक असणे, हे संवाद पुरेसा असल्याचे एक लक्षण मानले जाते. ही भेट प्रत्येक वार्षिक बैठकीत ठेवावी. ती दरवर्षी होते असे ठरलेले असले की कोणी तिचा वेगळा अर्थ काढत नाही. वित्त अधिकारी, कंपनी सचिव आणि कार्यकारी संचालक तेवढा वेळ बाहेर जातात.

येथे ‘काही अडचण होती का?’ असे विचारले, तर ‘नाही, चांगले सहकार्य मिळाले’ हेच उत्तर येते. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून संपणार नाही असा प्रश्न करावा. ‘पत्रकांतील कोणत्या अंदाजाबद्दल तुम्हाला सर्वांत कमी खात्री आहे आणि व्यवस्थापनाचा आकडा तुमच्या पट्ट्यात कोठे बसतो?’ ‘ही पत्रके तुम्ही तयार केली असती, तर कोणती गोष्ट वेगळ्या रीतीने केली असती?’ ‘कोणत्या मुद्द्यावर व्यवस्थापनाशी मतभेद झाला आणि शेवटी कोणी आपले मत बदलले?’ शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आम्ही बदलले’ असे असेल, तर कोणत्या नव्या पुराव्यामुळे बदलले, हेही विचारावे. पुरावा सांगता आला, तर ते ठीक आहे. केवळ चर्चेअंती पटले, असे उत्तर आले तर विषय पुन्हा उघडावा.

लेखी निवेदनांबद्दलही विचारावे. व्यवस्थापनाच्या निवेदनपत्रात बहुतांश मजकूर ठरावीक असतो. यंदा त्यात खास म्हणून कोणते निवेदन मागितले, हे विचारले की लेखापरीक्षक कोठे व्यवस्थापनाच्या शब्दावर विसंबला आहे ते कळते. आपल्या कंपनीत ‘सुट्या भागांच्या बाजारासाठी वितरकाशी बोलणी चालू आहेत’ असे एक निवेदन होते. त्याला आधार देणारा एकही कागद नव्हता, आणि साठ्याच्या तरतुदीचे मूळ गृहीतक तेच होते. निवेदन हे इतर पुराव्याची जागा घेत नाही.

बँकेतर वित्तसंस्थांच्या कमिट्यांत अपेक्षित पतहानीचा, म्हणजे दिलेल्या कर्जांतून किती बुडेल याचा, अंदाज हा सर्वांत अवघड विषय असतो. राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने २०२५ च्या सुरुवातीला लेखापरीक्षक आणि ऑडिट कमिटी यांच्यातील संवादावर टिपणांची मालिका सुरू केली आणि तिचे पहिले टिपण याच विषयावर काढले. अशा संस्थेत संचालक असणाऱ्याने बैठकीपूर्वी ते वाचावे. कमिटीने लेखापरीक्षकाला काय विचारावे, हे त्यात प्रश्नरूपाने दिले आहे.

सहावी पायरी: लेखी काय द्यायचे आणि फाईलमध्ये काय ठेवायचे

नियंत्रणातील लक्षणीय उणिवा लेखीच कळवाव्या लागतात, आणि त्याही वेळेत. आपल्या उदाहरणात विक्रीची चूक दुरुस्त झाली तरी ती ज्या उणिवेतून आली ती राहिलीच होती. बिल निघाले की संगणक विक्री धरत होता, आवक पावतीशी ताळा कोणीही करत नव्हते. ३५ लाख ही यावेळी सापडलेली रक्कम आहे, पण असल्या उणिवेतून किती मोठी चूक होऊ शकते, यावर तिचे गांभीर्य ठरते. पत्रात उणिवेचे वर्णन आणि संभाव्य परिणाम दोन्ही हवेत. ‘प्रक्रिया बळकट करावी’ एवढेच लिहिले, तर कमिटीला पुढच्या बैठकीत काय तपासायचे ते कळत नाही. कायद्याप्रमाणे सूचिबद्ध कंपनीच्या अहवालात आर्थिक पत्रकांशी संबंधित अंतर्गत नियंत्रणांवरही मत द्यायचे असते. त्यामुळे ही उणीव त्या मतापर्यंत पोहोचते का, हा निर्णय सही करण्यापूर्वी घ्यावा लागतो.

स्वातंत्र्याचे निवेदनही लेखीच द्यायचे असते. ऑडिटमधील लक्षणीय निष्कर्ष, तोंडी सांगणे पुरेसे नाही असे लेखापरीक्षकाला वाटत असेल, तर लेखी द्यावे लागतात. माझा सल्ला असा की सूचिबद्ध कंपनीत ते नेहमीच लेखी द्यावेत. जे तोंडी सांगितले, ते कधी आणि कोणाला सांगितले याची नोंद फाईलमध्ये असावी लागते. कमिटीच्या इतिवृत्ताची प्रत जोडली तरी चालते, पण आधी इतिवृत्त वाचून पाहावे. ‘लेखापरीक्षकांच्या सादरीकरणाची नोंद घेण्यात आली’ एवढेच त्यात असेल, तर काय सांगितले याचा तो पुरावा होत नाही. तेव्हा स्वतःचे टिपण वेगळे करावे. ऑडिटची फाईल अहवालाच्या तारखेपासून साधारण ६० दिवसांत अंतिम रूपात बांधून ठेवायची असते. २६ मेला सही झाली, तर ती मुदत २५ जुलैला संपते.

संवाद पुरेसा झाला का, याचे मूल्यमापनही लेखापरीक्षकाने करायचे असते आणि ते फाईलमध्ये दिसायला हवे. कमिटीने प्रश्न विचारले का, सुचवलेल्या बाबींवर काही केले का, व्यवस्थापनाशिवाय भेट झाली का, हे त्यात नोंदवावे. संवाद अपुरा असेल, तर जोखमीचे मूल्यांकन बदलावे लागू शकते आणि पुरावा कमी पडला तर मतही. टोकाच्या परिस्थितीत काम सोडण्याचा पर्याय आहे, पण सूचिबद्ध कंपनीत तो लगेच अमलात येत नाही. २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत राजीनामा दिला, तर त्या तिमाहीचा अहवाल देऊनच जावे लागते. नंतर दिला, तर त्या आणि पुढच्या तिमाहीचाही अहवाल द्यावा लागतो. पहिल्या तीन तिमाहींवर सही झाली असेल, तर चौथी तिमाही आणि संपूर्ण वर्षाचा अहवालही त्यालाच द्यावा लागतो.

पुढच्या ऑगस्टच्या बैठकीत पहिला विषय मेमधील पत्राचा घ्यावा. चाकणच्या कंपनीच्या बाबतीत तेव्हा विचारायचे ते असे: आवक पावतीशी ताळा करण्याची सोय कोणत्या तारखेपासून सुरू झाली, जूनच्या शेवटच्या तीन दिवसांतील बिलांवर लेखापरीक्षकाने ती तपासली का आणि बंद मॉडेलच्या साठ्यापैकी किती माल एप्रिल ते जुलैमध्ये कोणत्या भावाने खपला.